सिंहगडाची चढाई ७५० की १४३०? ट्रॅक फाइलमधून उंचीचा ग्राफ काढताना येणारा नेहमीचा घोळ

दर रविवारी दुपारी आमच्या सायकल ग्रुपमधलं कोणीतरी मला फाइल पाठवतं आणि खाली एकच ओळ असते, "दादा हे बघ ना, काहीतरी गंडलंय." गेल्या काही वर्षांत अशा फाइली इतक्या वेळा दुरुस्त केल्यात की आता ग्राफ न उघडताच अंदाज येतो काय झालं असेल. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरण आपलं सगळ्यांचं लाडकं घेतो, राजाराम पूल ते सिंहगड पार्किंग आणि परत, साधारण ५० किलोमीटर, फोनवर रेकॉर्ड केलेली जीपीएक्स फाइल.

आधी लक्षणं बघा

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते नीट बघा, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो.

- एकूण चढाई वेड्यासारखी जास्त येते. माझ्या फाइलीत १४३२ मीटर आली होती.
- ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसतो, सरळ रस्त्यावरसुद्धा.
- ग्राफचा आकार बरोबर आहे पण अख्खा ग्राफ साठ-सत्तर मीटर खाली बसलाय. अलिबागच्या किनाऱ्यावर उणे साठ वगैरे.
- घरून निघून घरीच आलात, तरी सुरुवात आणि शेवट यात पंधरा-वीस मीटरचा फरक.
- मध्येच एक उभी भिंत, किंवा थेट -32768 असला आकडा.
- चढाचा टक्का ३५, ४० असा. सिंहगडावर असा चढ कुठेही नाही, असता तर आपण सगळे सायकल ढकलत गेलो असतो.

बहुतेक लोक यातलं काहीही दिसलं की लगेच ग्राफ स्मूथ करायला घेतात, आणि तिथेच चुकतं. स्मूथिंगने फक्त करवतीचे दात जातात, बाकीच्या भानगडी तशाच राहतात, उलट झाकल्या जातात आणि मग सापडत नाहीत. त्यामुळे खालच्या क्रमानेच जा. पहिल्या दोन-तीन गोष्टींना पाच मिनिटं लागतात आणि पैसे शून्य.

१. फाइलीत उंची आहे का, ते तरी बघा

हसू नका, दहातल्या दोन-तीन फाइली इथेच निकालात निघतात. जीपीएक्स ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक बिंदूसाठी एक `<trkpt>` असतो, त्यात अक्षांश-रेखांश, आणि आत `<ele>` म्हणजे मीटरमधली उंची आणि `<time>`. `<trkpt>` च्या जागी `<rtept>` दिसले तर तुमच्याकडे रेकॉर्ड केलेला ट्रॅक नाहीच, कोणीतरी नकाशावर आखलेला रूट आहे, त्यातली उंची कोणी मोजलेली नाही, नकाशाच्या डेटावरून भरलेली आहे किंवा मुळातच नाही.

मोजून बघायचं असेल तर:

```
grep -o "<trkpt" sinhagad.gpx | wc -l
grep -o "<ele>" sinhagad.gpx | wc -l
```

दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. इथे `grep -c` वापरू नका, तो ओळी मोजतो, आणि काही अ‍ॅप अख्खी फाइल एकाच ओळीत लिहितात त्यामुळे उत्तर १ येतं आणि माणूस उगाच घाबरतो (मी घाबरलो होतो). `<ele>` कमी असतील तर काही बिंदूंना उंचीच नाही, आणि तुमचं सॉफ्टवेअर तिथे गुपचूप शून्य धरत असेल तर ग्राफमध्ये ५६० वरून ० आणि परत ५६० अशी दरी पडते. ती एक दरी एकटीच ५६० मीटर चढाई वाढवते.

२. खालची पातळी: अख्खा ग्राफ बुडालाय का

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तुमची फाइल डेक्कनला ४९५ म्हणत असेल तर फोन बिघडलेला नाही. जीपीएस मुळात जी उंची काढतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती अंडाकृतीपासून मोजलेली असते, आणि आपण ज्याला समुद्रसपाटी म्हणतो ती गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली असते. भारताच्या दक्षिणेला, श्रीलंकेच्या खाली, ती जगातली सगळ्यात खोल गेलेली जागा आहे, जवळपास १०० मीटर. आपल्या महाराष्ट्रात हा फरक साठ-सत्तर मीटरच्या घरात येतो. सायकलचे जीपीएस कॉम्प्युटर हा फरक आतल्या आत वळता करतात. अँड्रॉइड फोन मात्र अ‍ॅपला नेहमीच्या मार्गाने अंडाकृतीवरचीच उंची देतो, पुढचं अ‍ॅप लिहिणाऱ्यावर, आणि सगळेच ते करत नाहीत.

चांगली गोष्ट ही की हा फरक ५० किलोमीटरच्या राइडमध्ये जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे एकूण चढाईवर परिणाम होत नाही. ग्राफवर आकडे बरोबर दिसायला हवेत तर एखाद्या ठिकाणची खरी उंची घ्या आणि सगळ्या बिंदूंत तेवढा फरक मिळवा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, मी तीच वापरतो. सायकल घेऊन पाटीजवळ दोन मिनिटं उभं राहायचं, बस.

३. जाताना आणि येताना, एकावर एक ठेवा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, आणि कोणीच करत नाही. सिंहगडला आपण ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने येतो. म्हणजे एकाच रस्त्याची उंची तुमच्याकडे दोनदा मोजलेली आहे, फुकटात. फाइल पार्किंगपाशी दोन तुकड्यांत तोडा, परतीचा तुकडा उलटा करा, आणि दोन्ही ग्राफ अंतराप्रमाणे एकावर एक काढा. रस्ता तर तोच आहे, मग दोन रेषांत जेवढा फरक दिसेल तो सगळा मोजमापाचा दोष.

आता त्या फरकाचा आकार वाचायचा. दोन रेषा बारीक थरथरत एकमेकींत गुंतल्या असतील तर तो साधा नॉइज, त्याला पुढे स्मूथिंगचा उपाय आहे. दोन रेषा वर एकत्र आहेत आणि खाली येताना हळूहळू फाकत गेल्यात, तर तो ड्रिफ्ट, त्याला स्मूथिंग अजिबात लागू पडत नाही. एकीत मध्येच भिंत आहे आणि दुसरीत नाही, तर तिथे सिग्नल गेला होता किंवा सेन्सरमध्ये पाणी गेलं होतं. आणि दोन्ही रेषांचा आकार तोच पण एक डावीकडे सरकलेली, तर उंची ठीक आहे, अंतर चुकतंय, सहसा चहाला थांबल्यावर जागच्या जागी फिरलेल्या बिंदूंमुळे.

ड्रिफ्ट ज्यांच्याकडे बॅरोमीटरवालं डिव्हाइस आहे त्यांनाच जास्त छळतो. बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो, पुण्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण नऊ मीटर. पण दाब नुसता उंचीने बदलत नाही. आपल्याकडे रोज, अगदी निरभ्र दिवशीसुद्धा, दाब पहाटे चारच्या सुमारास उतरतो आणि सकाळी दहाच्या सुमारास चढतो, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. आता आपण निघतो साडेपाचला आणि परत येतो साडेनऊ-दहाला, म्हणजे नेमके त्या चढत्या दाबात. दाब वाढला की डिव्हाइसला वाटतं आपण खाली गेलो. म्हणून घरी परत आल्यावर घर पंधरा-वीस मीटर खाली गेलेलं दिसतं. सकाळच्या राइडमध्ये दर वेळी शेवट सुरुवातीपेक्षा खालीच येत असेल तर डिव्हाइस बदलू नका, ते बरोबर काम करतंय.

उपाय साधा आहे. राइड चार तासांची, फरक १८ मीटर, म्हणजे तासाला साडेचार. प्रत्येक बिंदूला त्याच्या वेळेप्रमाणे तेवढं परत मिळवायचं, दोन तासांनंतरच्या बिंदूला ९, शेवटच्याला १८. अट एकच, सुरुवात आणि शेवट खरंच एकाच जागी हवेत. आणि मध्ये वळवाचा पाऊस झाला असेल तर हा हिशोब सोडून द्या, तेव्हा दाब सरळ रेषेत बदलत नाही.

४. चहाच्या टपरीवर चढलेले सहाशे मीटर

आता मुख्य दुखणं, एकूण चढाई दुप्पट का येते. चढाई कशी मोजतात? मागच्या बिंदूपेक्षा पुढचा वर असेल तर तेवढी बेरीज, खाली असेल तर सोडून द्या. म्हणजे चुका एकमेकींना काटत नाहीत, वरच्या चुका सगळ्या जमा होतात आणि खालच्या विसरल्या जातात.

समजा डोणजे फाट्याला तुम्ही चहा-भज्यांसाठी वीस मिनिटं थांबलात आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. सेकंदाला एक बिंदू, म्हणजे १२०० बिंदू. उंची एक सेकंद ६२०, पुढच्या सेकंदाला ६२१, परत ६२०, अशी नुसती एक मीटरने हलत राहिली तर ६०० वेळा एक मीटर चढ, भजी खाता खाता ६०० मीटर. खऱ्या फाइलीत नॉइज इतका टोकाचा नसतो, तो हळू हळू डोलतो, त्यामुळे आकडा कमी येतो, पण जीपीएसची उंची ही आडव्या जागेपेक्षा दीड-दोन पट तरी वाईट असते कारण सगळे सॅटेलाइट आपल्या डोक्यावरच असतात, पायाखाली एकही नाही, त्यामुळे वर-खालची चूक पकडायला समोरून कोणी नसतं. घाटात तर एका बाजूला डोंगरच उभा, अर्धं आभाळ झाकलेलं.

म्हणून पहिली गोष्ट, उंचीला हात लावायच्या आधी थांबलेले बिंदू काढा आणि वेळेऐवजी अंतराप्रमाणे बिंदू घ्या. याचं कारण वेगळं आहे. चढताना आपण ताशी आठने जातो आणि उतरताना चाळीसने. वेळेप्रमाणे स्मूथ केलं, समजा ३० सेकंदांची खिडकी, तर चढताना ती ६५-७० मीटर रस्ता झाकते आणि उतरताना ३३० मीटर. तोच रस्ता, पण उतरतानाचा ग्राफ पाचपट जास्त गुळगुळीत. दर १० मीटरला एक बिंदू केला की ही भानगड संपते.

५. आता स्मूथिंग

पायथनमध्ये एवढंच:

```python
import gpxpy, numpy as np
from scipy.ndimage import median_filter
from scipy.signal import savgol_filter

g = gpxpy.parse(open("sinhagad.gpx", encoding="utf-8"))
p = [q for t in g.tracks for s in t.segments
     for q in s.points if q.elevation is not None]
d, e, last = [0.0], [p[0].elevation], p[0]
for q in p[1:]:
    step = q.distance_2d(last)
    if step >= 5:
        d.append(d[-1] + step)
        e.append(q.elevation)
        last = q
x = np.arange(0, d[-1], 10)
y = np.interp(x, d, e)
y = median_filter(y, size=5, mode="nearest")
y = savgol_filter(y, 21, 2)
```

`step >= 5` म्हणजे पाच मीटर सरकल्याशिवाय नवा बिंदू घ्यायचा नाही, चहाची टपरी बरीचशी तिथेच गळते. मग मीडियन, आणि मग दुसरा फिल्टर, हा क्रम उलटा करू नका. मीडियन पाच बिंदूंमधला मधला आकडा घेतो, त्यामुळे एखादा वेडा उडालेला बिंदू असेल तर तो सरळ फेकला जातो. सरासरी काढणारा फिल्टर आधी लावला तर तोच वेडा बिंदू आजूबाजूच्या २०० मीटरमध्ये पसरतो आणि छान गोलाकार टेकडी तयार होते. सिंहगड रोडवर नसलेली टेकडी, दिसायला एकदम खरी.

२१ म्हणजे २१ बिंदू, दहा-दहा मीटरचे, म्हणजे साधारण २०० मीटरची खिडकी. फोनच्या फाइलीला हे ठीक आहे. बॅरोमीटरवाल्या फाइलीला ११ पुरे.

मग चढाई मोजायची ती उंबरठा ठेवून, म्हणजे अमुक मीटर सलग वर गेल्याशिवाय मोजायचंच नाही:

```python
def chadhai(y, h):
    total, base = 0.0, y[0]
    for v in y:
        if v - base >= h:
            total += v - base
            base = v
        elif base - v >= h:
            base = v
    return total
```

`h` किती ठेवायचा? बॅरोमीटरला २-३, फोनच्या जीपीएसला ५ ते १०. स्ट्राव्हासुद्धा असंच काहीतरी करतं, बॅरोमीटर असेल तर २ मीटर आणि नसेल तर १० मीटर सलग चढ लागतो. एकाच राइडची दोन अ‍ॅपमध्ये वेगळी चढाई दिसते ती बऱ्याचदा यामुळे, त्यावरून ग्रुपवर भांडायचं नसतं.

माझ्या फाइलीचा प्रवास असा झाला. कच्ची बेरीज १४३२. थांबे काढून दहा-दहा मीटरवर आणल्यावर ११२० च्या आसपास. दोन्ही फिल्टरनंतर ८४६. `h` पाच ठेवल्यावर ७६८. त्याच दिवशी माझ्यासोबत असलेल्या मित्राचा बॅरोमीटरवाला कॉम्प्युटर ७५१ म्हणत होता.

आकडा पटण्यासारखा आहे का हे ठरवायला एक खालची मर्यादा असते ती विसरू नका. माझ्या फाइलीत सुरुवात ५५६ आणि पार्किंग १२४१, म्हणजे ६८५ तर चढावंच लागतं. वर खडकवासल्यापर्यंतचे आणि डोणज्यापुढचे छोटे चढउतार धरले की साठ-ऐंशी मीटर वाढतात. त्यामुळे ७५०-७७० पटतं. उत्तर ६८५ च्या खाली आलं तर तुम्ही स्मूथिंग जास्त केलंय.

जास्त झालंय हे ओळखायची दुसरी खूण म्हणजे माथा. सिंहगडला आपण वर पोचतो आणि तिथूनच मागे फिरतो, म्हणजे ग्राफला वर टोक असतं आणि रुंद खिडकी सगळ्यात आधी ते टोक खाते. स्मूथ करण्याआधी आणि नंतर `y.max()` बघा, मीडियननंतरच्या आकड्यापेक्षा तीन-चार मीटरहून जास्त पडला तर खिडकी लहान करा. आमच्यातल्या एकाने खिडकी एक किलोमीटरची केली होती, ग्राफ इतका सुंदर आला की डीपीला ठेवला त्याने, पण त्यात घाटातलं एकही अवघड वळण शिल्लक नव्हतं.

आणि चढाचा टक्का कधीही बिंदू ते बिंदू काढू नका. दहा मीटरच्या अंतरात उंचीची चूक नुसती दोन मीटर असली तरी २० टक्के इकडचे तिकडे होतात. किमान १०० मीटरमागे काढा, मग तीच दोन मीटरची चूक दोन टक्क्यांवर येते.

६. तरीही नाही जमलं तर उंची बाहेरून आणा

फाइलीत उंचीच नाही, किंवा इतकी खराब की वरचं सगळं करूनही दात जात नाहीत, तर अक्षांश-रेखांश ठेवा आणि उंची सॅटेलाइटच्या नकाशावरून घ्या. सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून रडारने मोजलेला, साधारण ३० मीटरच्या चौकोनांचा. फुकट मिळतो. -32768 हा आकडा याच डेटातला, त्याचा अर्थ "इथे माहिती नाही", ती उंची नव्हे, आधी गाळून टाका.

हे मी शेवटी का ठेवलं, तर घाटात याचा भरवसा कमी. रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो, सात-आठ मीटर रुंद, आणि नकाशाचा चौकोन ३० मीटरचा, त्यात रस्ता, वरची दरड आणि खालची दरी सगळं एकत्र. शिवाय तुमचा बिंदू दहा मीटर आडवा सरकला आणि डोंगराचा उतार ४५ अंश असला की उंचीत थेट दहा मीटरची चूक. सिंहगडाच्या वळणांवर म्हणूनच असा ग्राफ परत करवतीसारखा येतो, तेव्हा खिडकी ३००-४०० मीटर करावी लागते. बोगदा आणि पूल तर विचारूच नका. कात्रजच्या बोगद्यातून गेलात तर हा नकाशा तुम्हाला बोगद्यावरच्या डोंगरावरून नेतो, आणि उंच पुलावरून गेलात तर खाली दरीत उतरवून परत चढवतो. तिथे दोन्ही टोकांची उंची घ्या आणि मध्ये सरळ रेष ओढा, हाताने, दुसरा मार्ग नाही.

सपाट पट्ट्यात, सोलापूरकडे वगैरे, हाच डेटा फोनपेक्षा कितीतरी बरा. बॅरोमीटरवालं डिव्हाइस असेल तर मात्र त्याची उंची फेकून ही घालू नका, काही अ‍ॅपमध्ये "उंची दुरुस्त करा" असं बटण असतं ते नेमकं हेच करतं आणि चांगली फाइल बिघडवतं.

इथे थांबा आणि दुसऱ्याला द्या

दोन प्रसंग आहेत जिथे घरगुती उपाय बंद करायचे.

पहिला, बॅरोमीटरच खराब झालाय. ओळखायचं कसं, तर डिव्हाइस घरात टेबलवर ठेवून अर्धा तास रेकॉर्ड करा. दोन-तीन मीटर हलणं ठीक. तीस-चाळीस मीटर उड्या मारत असेल, किंवा जिन्याने दोन मजले चढूनही आकडा ढिम्म हलत नसेल, तर सेन्सरच्या छिद्रात घाम, चिखल किंवा पाणी आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं. साध्या कोमट पाण्याने धुऊन एक दिवस सुकू द्या आणि परत बघा, एवढंच घरी करायचं. टाचणी घालू नका आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका, छिद्रामागे नाजूक पडदा असतो, तो फाटला की सेन्सरसोबत वॉटरप्रूफपणाही गेला. मी एक डिव्हाइस असंच टाचणीने मारलंय. धुऊन, सुकवूनही तेच होत असेल तर सर्व्हिस सेंटर, वॉरंटी असेल तर आधी तेच.

दुसरा, तुम्हाला उंची राइडसाठी नकोच आहे. कोणीतरी विचारतं, गावात पाण्याची पाइपलाइन टाकायचीय, टाकीपासून वाडीपर्यंत उतार आहे का, तुझ्या सायकलच्या फाइलीवरून सांग. नाही सांगता येत. वरचं सगळं करून, बॅरोमीटर असूनही, एखाद्या बिंदूची उंची पाच मीटर इकडेतिकडे असू शकते, आणि पाणी अर्ध्या मीटरने अडतं. त्याला लेव्हल मशीन किंवा डीजीपीएस घेऊन येणारा सर्व्हेअर लागतो, त्याचे पैसे द्यावेत.